स्पीड टेस्ट शेवटून वाचावी

फ्लॅटचे भाव, पाण्याची वेळ आणि इंटरनेटचा स्पीड या तीन विषयांवर करंजाडे वसाहतीत कुणीही कुणाशीही तासभर बोलू शकतं. पहिल्या दोन विषयांत माणसं निदान उलटतपासणी करतात. भाव कार्पेटचा की बिल्टअपचा, पाणी सिडकोचं की टँकरचं, हे विचारल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. तिसऱ्या विषयात मात्र सोसायटीच्या ग्रुपवर २८४ चा स्क्रीनशॉट पडला की वाद मिटतो आणि अंगठ्यांची रांग लागते. त्याच घरातून सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये ‘हॅलो, आवाज येतोय का माझा?’ असा पुकारा होत असतो. यात खोटं कुणीच बोलत नाही. २८४ खरे असतात आणि आवाज न पोचणंही खरं असतं. चुकतो तो वाचण्याचा क्रम. स्पीड टेस्ट डाउनलोडचा आकडा सर्वांत ठळक दाखवते, म्हणून आपण तो आधी वाचतो, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. माझं म्हणणं असं, की व्हिडिओ कॉल करायचा असेल तर हा कागद शेवटून वाचावा: आधी पिंग, मग अपलोड, आणि वेळ उरलाच तर डाउनलोड.

डाउनलोडला इतकं खाली का बसवायचं, याचं उत्तर कॉलच्या भुकेत आहे. झूम आपल्या गरजांच्या यादीत ७२०पी दर्जाच्या गट-कॉलसाठी १.८ एमबीपीएस डाउनलोड आणि २.६ एमबीपीएस अपलोड मागतं. म्हणजे २८४ मधले जवळजवळ २८२ त्या वेळी नुसते पगारी रजेवर असतात. यावर कुणी म्हणेल, ‘आमच्या मीटिंगला पंचवीस जण असतात, पंचवीस चेहरे खाली उतरवायला स्पीड नको?’ शंका रास्त आहे, पण सॉफ्टवेअर तुमच्याआधीच काटकसर करून बसलेलं असतं. स्टॅम्पएवढ्या चौकटीत दिसणाऱ्या साहेबांचा चेहरा ते स्टॅम्पच्याच मापाने पाठवतं. साहेब बोलू लागले की तेवढा एकच चेहरा मोठा होतो. डाउनलोडचा मोठा आकडा सिनेमा उतरवायला आणि एका घरात चार टीव्ही चालवायला उपयोगी आहे, त्याचा अपमान करायचं कारण नाही. फक्त त्याच्याकडून तुमचा आवाज दुसऱ्याकडे पोचवण्याची अपेक्षा धरू नये, कारण ती वाहतूक त्याच्या दिशेची नाही.

ती वाहतूक अपलोडची. तुमचा चेहरा, तुमचा आवाज आणि मागच्या कुकरची शिट्टी या तिन्ही गोष्टी अपलोडमधून जातात. म्हणूनच कॉलमध्ये समोरचे सगळे झकास दिसतात आणि तुम्हीच गोठलेले असता. हे तुम्हाला कळतही नाही, कारण आपला चेहरा आपल्याला आपल्याच कॅमेऱ्यातून थेट दिसतो. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडच्या बरोबरीने मिळतं. ५जीवर चालणाऱ्या, गच्चीत किंवा खिडकीत डबा बसवणाऱ्या जोडणीत मात्र ते बरंच कमी असतं. तिथे जाणं-येणं एकाच लहरपट्ट्यातून आळीपाळीने होतं आणि कंपन्या वेळेचा बराच मोठा वाटा येण्यालाच देतात. त्यामुळे ‘दोनशेचा प्लॅन’ ऐकलं की पहिला प्रश्न ‘वर किती?’ हाच विचारायचा. उत्तरादाखल समोरचा छताकडे बघू लागला, तर त्याला प्रश्न समजलेला नाही.

आता पिंग, म्हणजे लेटन्सी. एखादी छोटीशी पुडी सर्व्हरला पोचून तिचं उत्तर परत यायला लागणारा वेळ मिलिसेकंदांत मोजतात, आणि तो जितका कमी तितका चांगला. स्पीडटेस्टच्या ॲपमध्ये २०२२ पासून पिंगचे एक नव्हे तर तीन आकडे दिसतात: जोडणी मोकळी असतानाचा, डाउनलोड चालू असतानाचा आणि अपलोड चालू असतानाचा. खरी कुंडली या तिसऱ्या आकड्यात असते. समजा एका घरात डाउनलोड १००, अपलोड १० आणि मोकळा पिंग ६ आहे. कुणीही म्हणेल, उत्तम स्थळ. पण आतल्या खोलीतल्या फोनने लग्नाचे साडेतीनशे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की अपलोड तुडुंब भरतं. राउटर जादा माल फेकून न देता आपल्या पोटात साठवत जातो. समजा त्याच्या पोटात ५०० किलोबाइट मावतात. म्हणजे आठने गुणून झाले ४००० किलोबिट, आणि १० एमबीपीएसने ते रिकामे व्हायला लागले ०.४ सेकंद. तुमच्या आवाजाची चिमुकली पुडी याच रांगेत शेवटी उभी राहते. सोसायटीचं गेट रुंद असलं, तरी पुढे टँकर लागले की मागच्या स्कूटरवाल्याला थांबावंच लागतं. तिसरा पिंग आता ६ वरून ४०० च्या घरात गेला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस संभाषणासाठी एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते. त्यापलीकडे गेलं की दोघे एकदम बोलतात, दोघे एकदम थांबतात, ‘तुम्ही बोला’, ‘नाही नाही, तुम्ही बोला’ यात मीटिंग संपते. याला इंग्रजीत बफरब्लोट म्हणतात. आपण बरीच वर्षं याला ‘नेट आज स्लो आहे’ म्हणत आलो.

‘मग मोठा प्लॅन घेतला की झालं!’ हा पुढचा आक्षेप, आणि तो अर्धा खरा आहे. अपलोड १० ऐवजी ५० झालं, तर तीच रांग ०.०८ सेकंदात हलते. पण नुसता डाउनलोड वाढवणाऱ्या प्लॅनने ती तसूभरही हलत नाही. रांग वायफायमध्ये असेल तर दोन्ही वाढवूनही हलत नाही. एकाला एक लागून असलेल्या इमारतींमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यांवर अख्ख्या विंगेचे राउटर कोकलत असतात. दुसरा आक्षेप असा, की तिन्ही पिंग नीट असूनही अमेरिकेतल्या लेकीशी बोलताना आवाज उशिरा जातो. जाणारच. टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते, तो बहुधा मुंबईतलाच निघतो. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद नुसत्या अंतराचे. समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. हा उशीर कुठल्याही प्लॅनमध्ये माफ होत नाही.

तेव्हा तपासणी अशी करावी. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून एकदा टेस्ट घ्यावी आणि नेहमीच्या खुर्चीवरून वायफायवर दुसरी. केबलवर तिसरा पिंग चांगला आणि खुर्चीवर वाईट, तर दोष घरातल्या वायफायचा. ५ गिगाहर्ट्झवर जावं किंवा केबल ओढावी. केबलवरही तो शेकड्यांत, तर रांग राउटरमध्ये आहे. मग फोटोंचा बॅकअप रात्रीवर ढकलावा आणि राउटरमध्ये क्यूओएस असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या आकड्याच्या ८५-९० टक्क्यांवर बांधावी. मोकळा पिंगच दर संध्याकाळी चढत असेल, तर मात्र केबलवाल्याला फोन लावावा. तो ‘टेस्टमध्ये तर फुल स्पीड दाखवतंय’ म्हणणारच; त्याला शांतपणे विचारावं, ‘कुठला आकडा?’