तीनकलमी साहेब

आमच्या सोसायटीतले साहेब चाकणच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहेत. कारखाना कोणता ते सांगत नाही, कारण त्यांच्या पिना भोसरीतल्या माझ्या भट्टीतून जातात आणि मला अजून धंदा करायचा आहे. शॉपमधली पोरं त्यांना पाठीमागे ‘तीनकलमी’ म्हणतात. इंदिरा गांधींचा कार्यक्रम वीस कलमी होता, साहेबांनी त्यातली सतरा कलमं वाचवली.

रविवारी संध्याकाळी सहाला साहेब चहा घेऊन बाल्कनीत बसतात. हातात कुठल्यातरी टूलिंगवाल्याने नवीन वर्षाला दिलेली रेक्झिनची डायरी. आधी मागच्या पानावर डोक्यातलं सगळं ओतायचं: ऑडिटची तयारी, कॉन्ट्रॅक्टची माणसं, कॅन्टीनच्या तक्रारी, गळकी हायड्रॉलिक प्रेस. पान भरलं की लाल पेन. एकेक ओळ कापत जायची, तीन उरेपर्यंत. या वेळात घरात मिक्सर लावायला बंदी असते. वहिनी म्हणतात, “सत्यनारायणाला इतकं सोवळं नसतं.”

साहेबांना हे कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये मिळालं. तिथे बेथलेहेम स्टीलच्या श्वाबची गोष्ट सांगतात. 1918 च्या सुमारास आयव्ही ली नावाच्या सल्लागाराने त्याला म्हणे सांगितलं, की रोज संध्याकाळी उद्याची सहा कामं महत्त्वाच्या क्रमाने लिही आणि पहिलं संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नको. श्वाबने त्याबद्दल पंचवीस हजार डॉलरचा चेक दिला. खरं-खोटं श्वाबच जाणे. साहेबांनी रोजचं आठवड्यावर नेलं आणि सहाचे तीन केले. चेक मात्र अजून कुणी दिलेला नाही.

पण माणूस वेडा नाही. त्यांचा एक नियम मला मनापासून पटतो: कलमात क्रियापद पाहिजे आणि शेवटी मोजता येईल असं काहीतरी पाहिजे. ‘रिजेक्शन’ हे त्यांच्या मते कलम नव्हे, तो विलाप आहे. ‘दोन नंबर मशीनच्या फिक्स्चरचे लोकेटर बदलून पन्नास पीस मोजणे’, हे कलम. शनिवारी झालं की नाही, हे शिपायालासुद्धा सांगता येतं. एखादं कलम सलग तिसऱ्या रविवारी तसंच्या तसं उतरलं, तर साहेब ते खोडून शेजारी लिहितात, ‘हे मला करायचंच नाही’. हा प्रामाणिकपणा मोठमोठ्या मॅनेजिंग डायरेक्टरांकडे मी पाहिलेला नाही.

घोळ होतो तो क्रियापदाच्या कर्त्यात. साहेबांच्या तीन कलमांतली निदान दोन दुसऱ्यानेच करायची असतात. आणि त्या दुसऱ्याचा आठवडा वेगळा असतो.

बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी सगळीकडून उठू नये म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार वाटून दिले, आमच्या वाट्याला गुरुवार आला. चाकणच्या मोठ्या गाड्यावाल्यांकडे मात्र रविवार. त्यामुळे साहेब रविवारी निवांत बसून आठवडा आखतात तेव्हा मी भट्टीवर घाम पुसत असतो, आणि मी गुरुवारी दुपारी वामकुक्षी घेत असतो तेव्हा साहेबांचे फोन येतात. मधे वीसेक किलोमीटर नाशिक हायवे आहे, पण पंचांगं दोन आहेत.

मागे एकदा रविवारी सव्वासहाला फोन आला. “शेठ, कलम एक तुमचं आहे.” आवाजात असा आनंद, जणू माझं नाव पद्मश्रीच्या यादीत आलंय.

कलम एक असं होतं: बुधवारी पिना भोसरीला हीट ट्रीटमेंटला, गुरुवारी परत, गुरुवारी रात्री ग्राइंडिंग, शुक्रवारी सकाळी ग्राहकाकडे पोच. ग्राहकाची रोजची उचल सहाशे पिना, तयार माल चोवीसशे. म्हणजे सोमवार ते गुरुवार चार दिवस भागणार, शुक्रवारी पहिल्या शिफ्टला नवा माल हवाच, नाहीतर लाइन थांबणार. हिशेब अगदी चोख होता. फक्त त्यात गुरुवार होता.

“साहेब, गुरुवारी आपण बंद.”

“अरे हो. मग बुधवारी दुपारी घाला, रात्री काढा. दोन तास कमी करा ना.”

हे ‘दोन तास’ कुठून येतात ते मला ठाऊक नाही, पण प्रत्येक ग्राहकाकडे ते असतात. या पिनेला 0.8 मिलिमीटर खोल कडक थर लागतो. साधारण 920 अंशांवर पाच तास कार्बन पोलादात मुरवायचा, मग तेलात बुडवायचं, मग टेंपरिंग. तापवण्यापासून गार होईपर्यंत लोडला दहा तास जातात. कार्बन आपल्या चालीने आत जातो: खोली दुप्पट हवी तर वेळ चौपट. पाचाचे तीन तास केले तर थर 0.6 वर येतो. वाईट म्हणजे ते दिसत नाही. वरून कानस घसरते, रॉकवेलला 60 मिळतात, कागद हिरवा. पीस मधून कापून पाहिला तरच कळतं, किंवा ग्राइंडिंगने आणखी दशांश मिलिमीटर गेल्यावर कुणाच्या तरी गाडीत.

मग आम्ही फोनवर उलटं मोजलं. शुक्रवारी सकाळी पोच, म्हणजे गुरुवारी दिवसा ग्राइंडिंग, ते चाकणलाच होतं म्हणून बरं. म्हणजे बुधवारी संध्याकाळी माल माझ्या गेटबाहेर. म्हणजे मंगळवारी रात्री भट्टीत. म्हणजे मंगळवारी दुपारी चारच्या आत टेम्पो चाकणहून सुटलेला, कारण चारनंतर तळेगाव चौकात अडकला तर ड्रायव्हर तिथेच जेवतो. म्हणजे टर्निंग सोमवारी दुसऱ्या शिफ्टला संपलं पाहिजे. आणि सोमवारी दुसऱ्या शिफ्टला ती मशीन कलम दोनसाठी बंद राहणार होती, त्याच लोकेटरांसाठी.

फोनवर शांतता पसरली. मग लाल पेनचा कर्र आवाज आला.

पिना वेळेवर गेल्या, लाइन चालू राहिली, लोकेटर पुढच्या आठवड्यावर ढकलले. सोमवारी सकाळी ग्राहकाने शेड्यूल बदलून सहाशेचे साडेचारशे केले, हा भाग मी सांगणार नव्हतो.

साहेबांनी मात्र धडा घेतला, तो असा: आता बुधवारी संध्याकाळीही बैठक होते. रविवारी चाकणच्या आठवड्याची तीन कलमं, बुधवारी भोसरीच्या आठवड्याची तीन. डायऱ्या दोन, मिक्सर दोन दिवस बंद. बेरीज सहा होते, म्हणजे आयव्ही लीचंच खरं ठरलं, हे मी सांगितल्यावर साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझ्यासाठी जिलबी मागवली.

वहिनी जिलबी घेऊन आल्या आणि विचारलं, “गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठल्या आठवड्यात बसतो? चाकणच्या की भोसरीच्या?”

साहेबांनी दोन्ही डायऱ्या उघडल्या.