गाडी न बघता विसार देण्याची शास्त्रोक्त पद्धत

जुनी गाडी घ्यायची तर आधी गाडी बघायची, ही आपल्या वडिलांच्या पिढीची भाबडी समजूत. हल्ली आधी विसार द्यायचा असतो. तो निर्विघ्नपणे बुडावा, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन.

बाजारात साडेचार लाखांना मिळणारी स्विफ्ट एखाद्या संकेतस्थळावर 2,10,000 रुपयांना दिसली, की ती आपल्याच नशिबातली समजावी. मालक फौजी असतो, त्याची नुकतीच बदली झालेली असते, आणि 5,100 रुपये पाठवताच गाडी पार्सलने दारात येणार असते. संकेतस्थळाच्या तळाशी ‘गेली 15 वर्षे आपल्या सेवेत’ असे लिहिलेले असते. ते नाव whois वर टाकून त्याची जन्मतारीख काढू नये. नोंदणी 19 दिवसांपूर्वीची निघते आणि उगाच मन खट्टू होते.

पत्ता वाचताना parivahan एवढे दिसले की पुढे वाचू नये. सरकारी पत्ता parivahan.gov.in असा आहे, आणि .gov.in हे शेपूट फक्त सरकारी खात्यांना मिळते. त्यातले पहिले टिंब काढून parivahan-gov.in अशी आडवी रेघ घातली, की ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. पण एवढ्याशा रेघेसाठी चष्मा कोण शोधणार?

आता गाडीचा इतिहास. सरकारी नोंदीत गाडी कितव्या मालकाकडे आहे, विमा कधीपर्यंत आहे, कर्जाचा बोजा कोणाचा, हे दिसते. मालकाचे नाव अर्धे फुल्या मारून येते, तरी फौजीच्या नावाशी ताडून पाहण्याइतके उरते. अपघात आणि खरे किलोमीटर मात्र तिथे नसतात. ते कळले तर सर्व्हिस सेंटरच्या कागदांवरून. म्हणूनच 199 रुपयांत ‘संपूर्ण अपघात इतिहास’ देणाऱ्यांचे मला कौतुक वाटले. मी आधी माझ्याच स्कूटरचा नंबर टाकला. अहवाल आला: अपघात शून्य, मीटर तपासलेले. हिच्याखाली सापडून माझा पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता आणि मीटर कित्येक वर्षे बंद आहे. ही चाचणी इतरांनी करू नये, श्रद्धा डळमळते.

बोजा दिसला तर बँकेची ना हरकत आणि फॉर्म 35 मागण्याचा अरसिकपणा काही लोक करतात. त्यांना गाडी मिळते, पण थरार मिळत नाही.

शेवटी पैसे. विसार परत मिळेल म्हणून फौजी क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतो. पैसे घेताना पिन लागत नाही, पिन फक्त देताना लागतो, हे त्या क्षणी आठवू देऊ नये. आठवलेच, तर 1930 वर फोन लावायची घाई होते.

मला मात्र एक दुर्बुद्धी सुचली. “साहेब, व्हिडिओ कॉलवर चॅसिस नंबर दाखवता का?” असे मी विचारले. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिले. मग उत्तर आले: “सर, चॅसिस काढून ठेवली आहे.”