नीडफुल साहेब कुठे बसतात?

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये डोकवा, प्रेस मशीनच्या आवाजात कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये कोणीतरी हमखास एक मेल लिहीत असतो. ‘रिस्पेक्टेड सर, आय हम्बली रिक्वेस्ट युवर गुडसेल्फ, अवर बिल इज पेंडिंग सिन्स लाँग. काइंडली डू द नीडफुल अँड ओब्लाइज.’ मेल चाकणच्या मोठ्या कंपनीला जातो आणि सीसीमध्ये नऊ जण असतात. नवव्याला आपण इथे का आहोत हे ठाऊक नसते, पण त्याला वगळणे उद्धटपणाचे दिसेल.

पुढचा प्रवास पाहण्यासारखा असतो. अकाउंट्सवाला मेल स्टोअरला ढकलतो, वर लिहितो, ‘प्लीज डू द नीडफुल’. स्टोअरवाला क्वालिटीला पाठवतो, ‘फॉर युवर नीडफुल’. क्वालिटीवाला परचेसला पाठवतो. परचेसवाला ‘नोटेड’ एवढेच लिहून जेवायला कॅन्टीनमध्ये जातो. तळेगाव चौकात अडकलेला टेम्पोसुद्धा कधीतरी सुटतो; हा मेल सुटत नाही. सगळ्यांनी एकमेकांना अत्यंत नम्रपणे काम सांगितलेले असते आणि काम काय, ते एकानेही सांगितलेले नसते.

काम असते फार तर पाच मिनिटांचे. समजा, शेडवाल्याने ३ जुलैला ब्रॅकेट पाठवले. बिल ५०० नगांचे, दर १२० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ७०,८०० रुपये. गेटवर मोजले तर १२ कमी. स्टोअरने जीआरएन केला ४८८ चा. आता कंपनीचे सॉफ्टवेअर पीओ, जीआरएन आणि बिल शेजारी ठेवून पाहते, तिन्ही जुळले नाहीत की बिल होल्डवर टाकते. म्हणजे १,६९९ रुपये २० पैशांच्या फरकासाठी सगळे ७०,८०० अडकले, आणि अडकले का, हे विचारण्याऐवजी शेडवाला ‘गुडसेल्फ’ला साकडे घालत बसला.

खरे तर जीआरएनचा आकडा स्टोअरला एक फोन केला तरी कळतो. तो कळल्यावर मेल असा होतो:

‘विषय: बिल क्र. २१४, १२ नगांची क्रेडिट नोट.
नमस्कार. आपल्या जीआरएनप्रमाणे ४८८ ब्रॅकेट मिळाले आहेत, आमचे बिल ५०० चे आहे. फरकाची १,६९९.२० रुपयांची क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. बाकीचे ६९,१००.८० रुपये कृपया १७ ऑगस्टपर्यंत जमा करावेत. कागदात आणखी काही कमी असल्यास गुरुवारपर्यंत कळवा, त्याच दिवशी पाठवतो. धन्यवाद.’

‘कृपया’ एकदाच आले आहे, आणि तेवढे पुरते. हा मेल अकाउंट्समधल्या एकाच माणसाला, त्याच्या नावाने जावा. सीसीत फार तर परचेसवाला. आता चेंडू टोलवायचा तर कोणाकडे टोलवणार?

‘पण इतके थेट लिहिले तर परचेसवाले चिडतील, पुढची शेड्यूल येणार नाही,’ असे शेडवाले कुजबुजतात. भीती खोटी नाही. मात्र अकाउंट्समधल्या पोरासमोर अशा मेलांचा ढीग असतो, आणि ज्यात बिल नंबर शोधावा लागत नाही तो मेल तो आधी उघडतो. उद्धटपणा ‘पैसे कधी देताय?’ यात आहे. तारीख सांगण्यात नाही. ‘जंटल रिमाइंडर’ नावाचा प्रकार मात्र मला अजून उलगडलेला नाही. सहाव्यांदा पाठवलेला रिमाइंडर जंटल कसा राहतो?

आणि १७ ऑगस्ट ही तारीख शेडवाल्याच्या मनातली नव्हे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक गाठ मारली: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येते. तेव्हापासून मार्च महिन्यात मोठ्या कंपन्याच ‘तुमचे उद्यम सर्टिफिकेट पाठवा’ म्हणून मागे लागतात. तीही मागणी ‘काइंडली डू द नीडफुल’नेच संपते, हा भाग वेगळा.

कायद्याचे कलम पहिल्याच मेलमध्ये फेकू नये. तारीख उलटली तर दुसऱ्या मेलमध्ये एक ओळ पुरे: ‘आमचा उद्यम नोंदणी क्रमांक बिलावर आहे, ४५ दिवस १७ तारखेला पूर्ण झाले, पैसे कोणत्या दिवशी येतील ते कळवावे.’ आणि चाकणच्या साहेबांनो, तुम्हीही ‘नोटेड’ लिहिणे सोडा. ‘क्रेडिट नोट मिळाली, शुक्रवारी पेमेंट’ एवढे टाइप करायला कॅन्टीनचा चहासुद्धा थंड होत नाही.