एफजी म्हणजे फर्स्ट ग्रेड नव्हे

फुटबॉलच्या बुटाला व्हर्नियर लावणारा अख्ख्या अंबरनाथ एमआयडीसीत मी एकटाच असेन. कारखान्यातल्या पोरांनी टीम काढली, गोलकीपर मिळेना, म्हणून टर्नर खात्यातून मला उचललं. मी लगेच भगव्या रंगाचे बूट घेतले. तळाला ‘एफजी’ कोरलेलं होतं. मला वाटलं, फर्स्ट ग्रेड!

पहिली मॅच मे महिन्यात, शेडमागच्या मुरमाच्या मैदानावर. अर्ध्या तासात तळवे पेटले. घरी मोजे काढले तर चवड्याखाली लाल गोल वळ. बायको म्हणाली, “हे काय, शिक्के मारून आणलेत?”

तेव्हा व्हर्नियर काढला. स्टड अकरा मिलिमीटर. गवताखालच्या मातीत तो रुतला की बुटाचा तळ जमिनीला टेकतो आणि वजन पसरतं. मुरमात तो एक मिलिमीटरही शिरला नव्हता. म्हणजे माझे ब्याऐंशी किलो मोजक्याच टोकांवर उभे होते, अन् मी गोलमध्ये नव्हे, खिळ्यांवर तप करत होतो. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक फुटबॉलपटू अनवाणी खेळले, हे मला आठवलं. पण त्यांच्या पायाखाली तिथलं गवत होतं, अंबरनाथचा मुरूम नव्हे.

पुढची मॅच जाळीतल्या टर्फवर, तासाच्या भाड्याने. वाटलं, आता तरी मऊ. इथे उलटंच झालं. प्लास्टिकचं गवत आणि त्यातल्या काळ्या रबरी दाण्यांत स्टड असे घट्ट बसले, की बॉलमागे मी वळलो, पाय वळलाच नाही. गुडघ्याने कुरकुर केली. सुदैवाने तेवढ्यावर भागलं. लिगामेंट अशाच वळणावर तुटतं.

पुतण्या हसून म्हणाला, “काका, एफजी म्हणजे फर्म ग्राउंड. घट्ट मातीवरचं खरं गवत!” उंच टर्फवर एजी लागतो. त्याचे स्टड आखूड, गोल आणि संख्येने जास्त, म्हणून पाय अडकत नाही, फिरतो. टीएफच्या तळाला रबराच्या बारीक गुठळ्यांची दाटी असते. सतरंजीसारख्या पातळ टर्फवर तो चालतो आणि मुरमावरही, कारण वजन सगळ्या तळव्यावर वाटलं जातं. मी मुकाट टीएफ घेतला. दिसायला शाळेच्या पीटीचा बूट, पण तळवे गप्प.

जुलैत शेडमागे गवत उगवलं आणि भगवे बूट पुन्हा निघाले. खरंच, पायाला काही कळलंसुद्धा नाही! चिखल झाला की मात्र स्टडमध्ये माती भरते आणि बुटाची इस्त्री होते.

आता मॅचआधी मी स्क्रूड्रायव्हर मैदानात खुपसून बघतो. बोटाच्या जोराने सेंटीमीटरभर गेला तर भगवे, नाही तर टीएफ. परवा वॉचमन बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, “साहेब, काही पुरलंय का इथं?”