जादा ताटाचे दर

विश्रांतवाडीत राहणाऱ्याने पैशांचं बोलणं फोनवर करू नये. आपण मोठ्या धीराने "काका, याचे वेगळे..." इथवर येतो आणि लोहगावहून उडालेलं लढाऊ विमान नेमकं तेव्हाच डोक्यावरून जातं. आवाज ओसरेपर्यंत काका म्हणत असतात, "मग ठरलं तर ताई, संध्याकाळपर्यंत पाठवा."

काका केटरर आहेत आणि मी घरून डिझाइनची कामं घेते. त्यांचं आठ पानी माहितीपत्रक करायचं होतं. छत्तीस तासांचं काम, तासाला पाचशे, म्हणून अठरा हजार सांगितले. काकांनी एक रुपयाही कमी करा म्हटलं नाही. धंद्यात मुरलेला माणूस घासाघीस करत नाही तेव्हा खरं तर घाबरायला हवं.

आधी व्हिजिटिंग कार्ड आलं. "लोगो तोच, मजकूर तोच, नुसतं छोटं करायचंय." मग सणांच्या शुभेच्छांच्या पाच पोस्ट. मग आषाढी. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाताना आमच्याच रस्त्याने जाते, त्यामुळे त्या दिवसांत इथल्या खांबांचं अंग दिसत नाही. काकांनाही स्वागताचा फ्लेक्स हवा होता. फ्लेक्सचं डिझाइन अवघड नसतं; अवघड असतं ते कुणाचा फोटो कुणाच्या वर आणि किती मोठा. तो क्रम रोज रात्री बदलत होता. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, चेहरा टपाल तिकिटाएवढा. दहा फुटांवर ताणला की त्याचे चौकोन होतात आणि कार्यकर्ता कोणत्या पक्षाचा तेही कळेनासं होतं. एवढं झाल्यावर माहितीपत्रक हिंदीतही हवं झालं. शिवाय ओपन फाइल, म्हणजे पुढची कामं भाच्याकडून करून घेता येतील.

हिंदीला हात लावायच्या आधीच तास साठावर गेले होते. अठरा हजारांना साठाने भागलं की तीनशे उरतात. म्हणजे काकांनी तोंडातून आकडाही न काढता माझ्याकडून चाळीस टक्के सवलत घेतली होती.

वकील मैत्रिणीने आशा दाखवली. १८७२च्या भारतीय करार कायद्यात कलम ७० आहे : फुकट करण्याचा हेतू नसताना तुम्ही कुणासाठी रीतसर काही केलंत आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यायला हवी. मी हुरळले. मग तिने आमचं चॅट वाचायला घेतलं. काकांच्या प्रत्येक मागणीखाली माझा पिवळा अंगठा. "हेतू फुकटचा नव्हता, हे या अंगठ्यांवरून सिद्ध करायचं?" असं विचारून तिने फोन परत दिला. दर कामाआधी सांगितलेला असेल, तर कलमाची गरजच पडत नाही, हेही तिने फुकटात सांगितलं.

वाट सापडली ती माहितीपत्रकाच्याच सातव्या पानावर. तिथे अटी होत्या आणि काकांच्या आग्रहावरून मी त्या ठळक केल्या होत्या : 'हमी दिलेल्या ताटांपेक्षा जास्त ताटं लागल्यास जादा आकारणी होईल.' मी लगेच लिहून पाठवलं : "काका, मराठी पत्रक ही हमीची ताटं. पुढची सगळी जादा. हिंदी आठ पानं सहा हजार, फ्लेक्स अडीच हजार, पाच पोस्टचे दोन हजार, कार्डाचे एक हजार. एकूण साडेअकरा हजार. हो म्हणालात की हिंदी सुरू करते."

या वेळी काका स्वतः घरी आले. "नऊ करा."

"ताटाचा दर पाडायचा नसतो काका, पदार्थ काढायचा असतो. हिंदीतून अटींची दोन पानं काढू, दीड हजार कमी. दहा हजार."

काका विचारात पडले. आपल्याच धंद्याची भाषा समोरून ऐकण्याची त्यांना सवय नसावी. मग त्यांचे डोळे चमकले. "ताई, पाच वर्षांखालच्या मुलाचं ताट आम्ही धरत नाही. व्हिजिटिंग कार्ड केवढंसं असतं?"

कार्ड सोडलं. नऊ हजार. त्यांना हवा तोच आकडा, पण फ्लेक्स, पोस्ट आणि हिंदी पानांचा माझा दर जागच्या जागी. ओपन फाइलचा विषय त्यांनी काढला तेव्हा मी विचारलं, "जेवून गेलेला पाहुणा कढई घरी नेतो का?" तो विषय मिटला. निम्मे पैसे त्यांनी तिथेच पाठवले, कारण आठव्या पानावर त्यांची स्वतःची अट तीच होती.

चपला घालताना मात्र ते थांबले. "पत्रकाच्या मागे क्यूआर कोड तेवढा टाका."

"तो जादा."

"छे! तो विडा. जेवणानंतर विडा सगळे फुकटच देतात."

मी पत्रक उघडून सातवं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. विड्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं.