नऊ फूट रिकामी जागा

मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या हॉलमध्ये रिकामी जागा हा एक अपराध समजला जातो. भिंत रिकामी दिसली की तिच्यावर घड्याळ लागतं, कोपरा रिकामा दिसला की तिथे कुंडी येते आणि मधली जागा रिकामी दिसली की कोणीतरी लग्नात टीपॉय देतं. अशा घरात माझा भाचा सुट्टीला आला आणि सोबत जुन्या बाजारातून घेतलेला एक्सबॉक्स ३६० आणि त्याचा किनेक्ट घेऊन आला. हातात काही न धरता, नुसतं अंग हलवून खेळायचं. २०१० साली बाजारात आलेली ही वस्तू आता बनतही नाही, त्यामुळे त्याला ती स्वस्तात मिळाली होती.

"मामा, फक्त टीव्हीपाशी ठेवायचा आणि समोर उभं राहायचं," तो म्हणाला. या वाक्यातल्या 'समोर' या शब्दाने पुढे आमच्या घराचा नकाशा बदलला.

किनेक्ट म्हणजे जेमतेम फूटभर लांबीची काळी पट्टी, खाली मोटर बसवलेला पाय. तिला आपण दिसतो ते फोटोत दिसतो तसे नव्हे. एका टोकाकडचा प्रोजेक्टर समोरच्या सगळ्यावर अवरक्त प्रकाशाचे हजारो ठिपके फेकतो. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्याच्यापासून सुमारे तीन इंचांवर बसलेला एक कॅमेरा ते ठिपके पाहतो. वस्तू जवळ असेल तर ठिपका एका बाजूला सरकलेला दिसतो, लांब असेल तर दुसऱ्या. या सरकण्यावरून प्रत्येक बिंदू किती अंतरावर आहे हे ठरतं, आणि त्या अंतरांच्या चित्रातून यंत्र डोकं, खांदे, कोपर, गुडघे शोधून काढतं. रंगीत चित्र घेणारा कॅमेरा वेगळा असतो. तो प्रामुख्याने चेहरा ओळखायला आणि आपले वेडेवाकडे फोटो काढायला असतो.

बसवण्याच्या सूचना साध्या होत्या. पट्टी जमिनीपासून दोन ते सहा फूट उंचीवर, टीव्हीच्या मधोमध, त्याच्या वर किंवा खाली ठेवायची. फळीच्या अगदी पुढच्या कडेला ठेवायची, म्हणजे फळीच तिच्या नजरेआड येणार नाही. स्पीकरवर ठेवायची नाही, कारण थरथरीने ठिपके नाचतात. मान हाताने वळवायची नाही, मोटर ती स्वतः वळवते. एकट्याने खेळायचं तर सहा फूट अंतर, दोघांनी खेळायचं तर आठ.

सहा फूट! आमचा हॉल दहा बाय सोळा. टीव्ही लांब भिंतीला, म्हणजे त्याच्यासमोर दहा फुटांची रुंदी. त्यातून टीव्हीच्या कपाटाने दीड फूट घेतला, समोरच्या सोफ्याने अडीच. राहिले सहा, आणि पाठीमागे कोपर हलवायला अर्धा फूट तरी हवा. म्हणजे मी कॅमेऱ्यापासून साडेपाच फुटांवर, पोटऱ्या सोफ्याला टेकवून, टीव्हीकडे रागाने बघत उभा.

पडद्याच्या कोपऱ्यात खेळाडूची छोटी सावली दिसते. कॅमेऱ्याला काय दिसतंय ते कळण्याची सर्वांत सोपी जागा तीच, आणि खेळ बिघडला की आधी तिकडे पाहावं. माझी सावली गुडघ्यांवर संपत होती. पडद्यावरच्या माझ्या बाहुल्याला पाय होते, पण ते यंत्राने अंदाजाने लावलेले होते. मी स्तब्ध उभा असताना तो एक पाय मुडपून लंगडी घालत होता.

भाच्याने कागद घेऊन हिशोब मांडला. किनेक्टची नजर आडवी ५७ अंश आणि उभी ४३ अंश पसरते. त्यामुळे सहा फुटांवर त्याला जेमतेम पावणेपाच फूट उंचीचा पट्टा दिसतो. सूचनांमधले सहा फूट भाच्याच्या उंचीला ठीक होते. माझी उंची पाच फूट सात इंच. आठ फुटांवर पट्टा सव्वासहा फुटांचा होतो, तिथे मी पायापासून डोक्यापर्यंत मावतो, पण हात वर केले की मनगटं चौकटीबाहेर जातात. हात वर करून सात फूट होणारा माणूस पूर्ण दिसायला नऊ फूट लागतात. मागे जाण्यालाही मर्यादा आहे. साधारण साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फुटांपलीकडे अंतराचं माप ढोबळ होत जातं आणि पंजा आणि मनगट यांत फरक राहत नाही.

"थोडक्यात, सोफा काढायचा," बायको म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तो सोफा माझ्या आत्याने दिलेला होता.

सोफा काढला तरी साडेआठ फूटच मिळत होते, मग टीव्ही आखूड भिंतीला न्यायचं ठरलं. तिथून समोर सोळा फूट. कपाटाचा दीड वजा केला तरी नऊ फुटांवर उभं राहून मागे साडेपाच फूट शिल्लक. कपाट हलवताना त्याच्यामागे हरवलेला रिमोट, लाटणं आणि सोसायटीच्या सभेची जुनी सूचना सापडली. पट्टी कडेला ठेवली. तिने यंत्रवत मान खाली-वर करून आम्हाला न्याहाळलं. सावली नखशिखान्त. मी हात वर केले, बाहुल्यानेही केले. घरात आनंदीआनंद झाला आणि तो चार वाजेपर्यंत टिकला.

चार वाजता बाल्कनीतून ऊन आलं. आमची बाल्कनी पश्चिमेला, म्हणजे आता बरोबर खेळाडूंच्या पाठीमागे आणि किनेक्टच्या तोंडासमोर. सावलीला आधी खांद्याला भोक पडलं, मग पोटाला, मग मी पूर्ण विरून गेलो आणि पडद्यावर 'खेळाडू सापडत नाही' अशा अर्थाची सूचना आली. माझं वजन पाहता हा आरोप नवा होता.

कारण सरळ आहे. उन्हात अवरक्त प्रकाश भरपूर असतो. किनेक्टचे ठिपके त्यात शोधणं म्हणजे भर दुपारी काजवे मोजणं. पाठीमागून आलेलं ऊन तर वाईटच, पण खेळाडूच्या अंगावर पडलेला उन्हाचा पट्टाही तेवढ्याच भागातले ठिपके पुसतो. म्हणून सावलीत भोकं दिसली आणि ती उन्हाच्या कवडशाबरोबर सरकत असली की दोष यंत्राचा नाही, खिडकीचा आहे. जुने पिवळे बल्ब आणि हॅलोजनही अवरक्त ओकतात, त्यांचा झोत कॅमेऱ्यावर नको. ट्यूबलाइट आणि एलईडी दिव्यांचा काही त्रास नाही.

आईने यावर उपाय सुचवला की मग अंधारच करा. हे जवळजवळ बरोबर निघालं. ठिपके त्याने स्वतःच फेकलेले असल्यामुळे काळोखातही तो आमचे हातपाय व्यवस्थित ओळखत होता, चेहरे मात्र ओळखेना. मला तो पाहुणा समजला, भाच्याला अनोळखी. चेहऱ्यासाठी साधा उजेड लागतो, तो समोरून आणि सारखा हवा. शेवटी बाल्कनीला जाड पडदा लागला, टीव्हीच्या बाजूची ट्यूब पेटली आणि खेळाची वेळ दिवेलागणीनंतरची ठरली. पूर्वी या वेळी आमच्या घरात शुभंकरोती व्हायची. आता "मामा, उडी!" होऊ लागलं.

उडीवरून पंख्याचा प्रश्न निघाला. खेळात रबरी होडीतून नदीत जायचं होतं: झुकलं की होडी वळते, उडी मारली की उडते. माझे वर केलेले हात सात फुटांच्या पुढे पोचतात. त्यात वयाला शोभेल अशी फूटभर उडी धरा. आमच्या पंख्याची पाती आठ फुटांवर. कॅमेऱ्याच्या नजरेचा हिशोब सगळे करतात, छताचा कोणी करत नाही, कारण पंखा पडद्यावर दिसत नाही. मग नियम झाला: खेळताना पंखा बंद. मे महिन्यातल्या ठाण्यात हा नियम पाळून माणूस होडीत न बसताही भिजतो.

दोघांनी खेळायला आठ फूट पुरतात हेही कागदावरचं सत्य. आठ फुटांवर आडवी नजर पावणेनऊ फूट पसरते. माझे पसरलेले हात साडेपाच फूट, भाच्याचे पाच. बेरीज त्याहून जास्त. त्यामुळे दोघांनी एकदम हात पसरले की बाहेरचे दोन हात चौकटीतून जातात आणि आतले दोन एकमेकांच्या नाकावर. नऊ फुटांवर गेलो तरी चौकट पावणेदहाचीच. शेवटी मी अर्धं पाऊल मागे आणि तो अर्धं पाऊल पुढे असं तिरपं उभं राहायचं ठरलं. जमिनीवर रांगोळीच्या दोन फुल्या काढल्या. त्या पुसायच्या नाहीत असं कामवाल्या मावशींना सांगितलं, तेव्हा त्यांनी आईकडे पाहून हळूच विचारलं, "कुणी काही करणी केली का?"

मग आईला खेळायची इच्छा झाली. अंतर बरोबर, उजेड बरोबर, तरी तिच्या बाहुल्याचे पाय एकमेकांत गुंतू लागले. यंत्र शरीराच्या आकारावरून पाय शोधतं. पाचवारी साडीत कमरेखाली एकच खांब दिसतो, त्यात दोन गुडघे कुठे हे त्याने कसं ठरवावं?

"आजी, दोन पाय वेगळे दिसायला हवेत," भाचा म्हणाला.

"मग नऊवारी नेसते," आई म्हणाली. तिचा तर्क शास्त्रशुद्ध होता. कासोटा घातल्यावर बाहुला सरळ झाला आणि आईने माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवले.

सर्वांत अवघड अडथळा मात्र मोजपट्टीत येणारा नव्हता. किनेक्टला एका वेळी सहा माणसं दिसतात, पण खेळात दोघांनाच घेतो, आणि त्या होडीच्या खेळात चौकटीत येणारा दुसरा माणूस आपोआप खेळाडू होतो. शेजारचे काका रोज रात्री पेपर परत द्यायला येतात. ते दारातून आले, माझ्या बाजूने चालत खुर्चीकडे निघाले आणि पडद्यावर होडीत बसले.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

"काका, तुम्ही. उजवीकडे झुका!"

काका झुकले. तेव्हापासून ते पेपर आणत नाहीत, नुसतेच येतात.

सुट्टी संपली, भाचा आपलं यंत्र घेऊन गेला. सोफा परत आणायचा विषय मी काढला, तर बायकोने दोन्ही फुल्यांच्या मधे चटई अंथरली होती आणि पंखा सुरू करून आईने तिच्यावर पापड वाळत घातले होते. दिवाळीत पुन्हा येतो म्हणून भाच्याचा फोन आला तेव्हा आईने फोन हातात घेतला.

"ये बाळा, पण दोन दिवस आधी कळव. नऊ फूट पापड उचलायला वेळ लागतो."