मधला ‘नि’

आमच्या ‘गोतावळा’ या ग्रुपवर सकाळी सहाला पहिलं सूर्यफूल उगवतं आणि साडेसहाला पहिला आजार. गेल्या आषाढात आजारांची पाळी संपून क्रिएटिनची आली. त्याला कारण माझा भाचा. त्याच्या खोलीत मावशीला पांढऱ्या पावडरचा डबा सापडला. तिने डब्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं, “हे काय असतं कोणाला माहीत आहे का?”

माहीत कोणालाच नव्हतं, त्यामुळे चाळीस मिनिटांत बावीस उत्तरं आली. नागपूरच्या काकांनी एक आवाजी संदेश फिरवला. त्यात घोगऱ्या आवाजाचा एक माणूस सांगत होता की हे स्टिरॉइड आहे आणि दोन महिन्यांत किडनी निकामी होते. बेळगावच्या काकूने ‘शेवटपर्यंत वाचा’ असं लिहिलेला मजकूर पाठवला. त्याच्या शेवटी कळत होतं की ही पावडर जनावरांचं मांस उकळून करतात. चातुर्मास तोंडावर आलेला. काकूने खाली स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, “त्या डब्याचा चमचा कुठे कुठे लागलाय ते बघा.”

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मी एक्कावन्नाव्या वर्षी जिम लावलेला माणूस आहे, आणि अशा माणसाइतकं गप्प न बसणारं दुसरं कोणी नाही. शिवाय भाच्याने तो डबा माझ्याच सांगण्यावरून आणला होता. तसाच एक डबा माझ्या कपाटात, ‘इसबगोल’ लिहिलेल्या बरणीत होता. हे ग्रुपला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ देण्याचा विचारही नव्हता. मला फक्त विद्वान दिसायचं होतं.

मी संदेश लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात ‘अज्ञान’ हा शब्द तीनदा होता. बायकोने वाचला आणि म्हणाली, “काकांना अज्ञानी म्हणतोयस, दिवाळीला त्यांच्याकडेच उतरायचंय.” मग दुसरा मसुदा. आरंभी ‘सर्व वडीलधाऱ्यांना साष्टांग’. पुढे ‘लहान तोंडी मोठा घास घेतो आहे’. मी पंचाऐंशी किलोचा आहे, पण आमच्या घराण्यात तोंडाचं माप वयावरून घेतात.

संदेशात लिहिलं ते असं. क्रिएटिन स्टिरॉइड नाही. ते आपल्या प्रत्येकाच्या अंगात आत्ता, हा संदेश वाचताना आहे. सत्तर किलोच्या माणसात सुमारे 120 ग्रॅम, म्हणजे चहाच्या कपात मावेल इतकं, आणि जवळजवळ सगळं स्नायूंमध्ये. मूत्रपिंड आणि यकृत मिळून रोज एखादा ग्रॅम घरीच बनवतात. एकदम जोर लावायची वेळ आली, सिलिंडर उचलायचा, सुटलेली एसटी पकडायची, की स्नायूंची तयार शक्ती काही सेकंदांतच संपते. तेव्हा क्रिएटिन आपल्याजवळची राखीव शक्ती काढून देतं आणि निवांत वेळी पुन्हा भरून घेतं. शेजारणीची उसनी साखर जशी. पावडर घेतली की शेजारणीचा डबा थोडा मोठा होतो, इतकंच.

आणि काकूसाठी खास. मांसाहारी लोकांना आणखी एक ग्रॅम ताटातून मिळतो, आपल्याला तो मिळत नाही. म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत मुळातच ते कमी असतं. आणि डब्यातली पावडर कारखान्यात रसायनांपासून बनवतात, तिचा बोकडाशी संबंध नाही.

इथे थांबलो असतो तर अब्रू राहिली असती. पण मला शव्हरल सांगायचा होता. मला शव्हरल नेहमीच सांगायचा असतो.

मिशेल शव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. त्याने 1832 साली मांसातून हा पदार्थ वेगळा काढला आणि मांसाच्या ग्रीक नावावरून त्याला क्रिएटिन नाव ठेवलं. काकूच्या संशयाचं मूळ तेवढ्यात आहे. पण हा माणूस काय माणूस! जन्म 1786. म्हणजे फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा तीन वर्षांचा, आणि 1889 मध्ये गेला तेव्हा आयफेल टॉवर उभा राहिला होता. एकशे दोन वर्षं. चरबीवर त्याने इतकं काम केलं की चांगल्या मेणबत्त्या त्याच्यामुळे मिळू लागल्या. आणि सरकारने त्याला नेमलं कुठे, तर पॅरिसच्या गोब्लॅं या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात, रंगशाळेवर. तिथे तक्रार अशी होती की काळा रंग काळा दिसत नाही, मळका दिसतो. शव्हरलने रंग तपासला. रंगात काही खोट नव्हती. काळ्या धाग्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले जात, त्यांच्यामुळे तो फिका वाटत होता. दोष रंगाचा नव्हता, शेजाराचा होता. यावर त्याने 1839 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. पैठणी घेताना दुकानदार पदर वेगळा धरून दाखवतो आणि काठाशेजारी आणतो, तेव्हा मला हटकून शव्हरल आठवतो. बायकोला तेव्हा भाव आठवत असतो.

हे सगळं मी संदेशात घातलं. ग्रुपने त्यातलं एकच उचललं. नागपूरच्या काकांनी लिहिलं, “मांस उकळणारा एकशे दोन वर्षं जगला. नोंद घ्यावी.”

मी चिडलो. त्या चिडीत शेवटचा परिच्छेद पाठवला, आणि तोच मला अजून टोचतो. मी लिहिलं, “आपल्यापैकी अनेक जण क्रिएटिन आणि क्रिएटिनिन यांत गल्लत करत आहेत. मधल्या एका ‘नि’ने केवढा अनर्थ होतो पाहा! क्रिएटिनिन म्हणजे काय, हे आधी समजून घ्या.” पुढे हसरा चेहरा. चष्मा घातलेला.

ग्रुप शांत झाला. मला वाटलं, पटलं. दहा मिनिटांनी आत्याचं उत्तर आलं. आत्या ग्रुपवर फारशी लिहीत नाही.

“क्रिएटिनिन मला माहीत आहे रे बाळ्या.”

आत्याचे यजमान, आमचे आप्पा, चार वर्षं डायलिसिसवर होते. त्या घरात क्रिएटिनिन हा शब्द मीठ किंवा पाणी या शब्दांसारखा रोजचा होता. आत्या तो आकडा कालनिर्णयच्या चौकोनात लिहायची, दुधाच्या खाड्याशेजारी. 4.8. पुढच्या महिन्यात 6.1. मी भेटायला जायचो तेव्हा भिंतीकडे बघायचं टाळायचो. काकांनी तो घोगरा आवाज पुढे ढकलला, कारण भावासारख्या मेव्हण्याला त्यांनी आठवड्यातून तीनदा गाडीतून नेलं होतं. त्यांच्यासाठी त्या शब्दात ‘नि’ असला काय, नसला काय. आणि मी त्यांना व्याकरण शिकवत होतो.

आत्याला फोन करायचं धाडस चार दिवस झालं नाही. दरम्यान नशिबाने माझी वार्षिक तपासणी आली.

क्रिएटिनिन 1.34. प्रयोगशाळेची वरची मर्यादा 1.3. त्याखाली मूत्रपिंडाच्या गाळण्याचा अंदाज, 64. आकडा ठळक छापलेला. तो कागद हातात धरून मी लिफ्टऐवजी जिन्याने खाली आलो. माझं सगळं शास्त्र तिसऱ्या मजल्यावरच राहिलं. दुसऱ्या मजल्यावर मला काकांचा घोगरा माणूस संपूर्ण पटला होता.

डॉक्टरांनी आधी कागद पाहिला, मग माझे दंड. (अखेर कोणीतरी पाहिले.) “पावडर वगैरे घेता?” मी इसबगोल म्हणणार होतो, पण खरं सांगितलं. पहिल्या आठवड्यात रोज वीस ग्रॅम, कारण डब्यावर तसं लिहिलं होतं. पोट इतकं बिघडलं की बरणीवरचं नाव सार्थ झालं. वजन दीड किलो वाढलं, ते मी बायकोला स्नायू म्हणून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ते स्नायूंत शिरलेलं पाणी. वीस ग्रॅमची घाई नसती केली आणि रोज तीनच घेतले असते, तरी महिन्याभरात स्नायू तेवढेच भरले असते. “आणि रक्त द्यायच्या दिवशी व्यायाम?” सकाळीच. पायांचा. भरपूर.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी ग्रुपला चार दिवसांपूर्वी सांगायला हवं होतं. अंगातल्या क्रिएटिनपैकी रोज दोनेक ग्रॅम मोडून त्याचं क्रिएटिनिन होतं. ते निरुपयोगी, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचं. मोरीत पाणी साचलं तर दोन कारणं असू शकतात. मोरी तुंबली, किंवा नळ जोरात सोडलाय. आप्पांची मोरी तुंबली होती. माझा नळ मी स्वतः सोडला होता, वर सकाळी जोरबैठका काढून बादलीही ओतली होती. पण नुसतं साचलेलं पाणी पाहून कोणतं कारण ते कळत नाही, म्हणून मोरीच तपासायची. त्यांनी लघवीत प्रथिनं जातात का ते पाहिलं, आणि सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी लिहून दिली. तिचा क्रिएटिनशी संबंध नसतो. दोन्ही ठीक निघाल्या. महिनाभर पावडर बंद, तपासणीआधी दोन दिवस जिम बंद, मग पुन्हा रक्त. 1.12. गाळण्याचा अंदाज 80.

“तुमच्या घरात कोणाला किडनीचा आजार?” त्यांनी उठताना विचारलं. मी आप्पांचं सांगितलं. ते म्हणाले, ज्याची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत त्याने हे डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढं मात्र ग्रुपला जरूर सांगा. म्हणजे काका अगदीच चुकले नव्हते. त्यांचं भय योग्य होतं, पत्ता चुकला होता. काळ्या धाग्याची गोष्ट सगळ्यांना सांगत हिंडलो मी, आणि ठळक छापलेल्या एका आकड्याच्या शेजारी काय विणलंय ते पाहायचं मलाच सुचलं नाही.

संध्याकाळी ग्रुपवर साधा संदेश टाकला. साष्टांग नाही, शव्हरल नाही. मी पावडर घेतो, आकडा वाढला होता, घाबरलो होतो, अमुक तपासण्या केल्या, आता ठीक आहे. काकांनी फक्त एक अंगठा पाठवला. काकूने विचारलं, इसबगोलची बरणी धुतली का. पुतणीने नवा मजकूर चिकटवला की क्रिएटिनने टक्कल पडतं. त्याचं मूळ 2009 चा एक छोटा अभ्यास आहे, वीस रग्बी खेळाडूंचा. त्यात एक संप्रेरक मोजलं होतं, केस कोणी मोजलेच नव्हते. हे मला लिहिता आलं असतं, पण त्या विषयात माझं गमावण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यामुळे सोडून दिलं.

रात्री आत्याचा खासगी संदेश आला. मजकूर काही नव्हता, नुसता फोटो. कालनिर्णयचा चौकोन, निळ्या पेनाने, तिच्या थरथरत्या अक्षरात. वर ‘दूध 1 लि.’ आणि खाली ‘बाळ्या 1.12’.